करंट मिरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (७४१ उघडून बघताना)

करंट मिररबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरण म्हणून शक्य तिथं ७४१ ऑप-अँप घेतलाय, कारण तो प्रत्येकाच्या लॅबमध्ये असतो, त्याचं आतलं सर्किट डेटाशीटमध्ये छापलेलं असतं आणि त्यात मिरर इतक्या वेगवेगळ्या कामांना लावलाय की दुसरीकडे जायची गरजच पडत नाही. ट्रान्झिस्टरचे नंबर (क्यू८, क्यू१० वगैरे) नेहमीच्या ७४१ च्या डायग्रॅममधले आहेत, तो शेजारी उघडून ठेवा.

१. करंट मिरर करंट "कॉपी" करतो म्हणजे नेमकं काय करतो? तार तर जोडलेली नसते.

खरं सांगायचं तर तो करंट कॉपी करतच नाही, व्होल्टेज कॉपी करतो. दोन सारखे ट्रान्झिस्टर घ्या, दोघांचे बेस एकमेकांना जोडा, दोघांचे एमिटर ग्राउंडला. पहिल्याचा कलेक्टर त्याच्याच बेसला जोडून टाका. आता या पहिल्यात बाहेरून १ मिलिअँप ढकलला की तो करंट कुठूनतरी जायलाच हवा, म्हणून बेसचं व्होल्टेज आपोआप वर चढतं आणि बरोब्बर तिथं थांबतं जिथं ट्रान्झिस्टर तो १ मिलिअँप वाहून नेऊ शकतो. म्हणजे पहिला ट्रान्झिस्टर "या करंटला किती व्हीबीई लागतं" हा हिशोब स्वतःच करतो. तेच व्हीबीई शेजारच्याला मिळतं, आणि तो जर बांधणीनं सारखा असेल आणि तापमानही सारखं असेल तर त्याच्या कलेक्टरमधून पण तितकाच करंट जातो.

```
IC = IS · exp(VBE / VT)      VT ≈ 26 mV
```

पहिला ट्रान्झिस्टर या सूत्राचा लॉग काढतो, दुसरा त्याचा पुन्हा एक्स्पोनेन्शियल करतो. दोघांचं IS सारखं असलं की मधलं सगळं कटतं. पुढचे जवळपास सगळे प्रश्न "सारखं असलं की" याच अटीभोवती फिरतात.

२. मग पहिला ट्रान्झिस्टर कशाला हवा? पॉट लावून बेसला ०.६५ व्होल्ट दिले तर चालणार नाही का?

लॅबमध्ये एकदा करून बघाच, मजा येते. व्हीबीई फक्त १८ मिलिव्होल्टनं वाढलं की करंट दुप्पट होतो, ६० मिलिव्होल्टनं वाढलं की दहापट. पॉट इतकं बारीक सेट करता येईलही एखाद्या वेळेस, पण ट्रान्झिस्टर एक डिग्री तापला की त्याच करंटसाठी लागणारं व्हीबीई साधारण २ मिलिव्होल्टनं खाली येतं आणि तुमचं ०.६५ तिथंच असतं, म्हणजे दर डिग्रीला करंट सुमारे ८ टक्क्यांनी वाढणार. सकाळी सेट केलेलं दुपारी राहत नाही.

पहिला ट्रान्झिस्टर असला की तोही तापतो, त्याचंही व्हीबीई तितकंच खाली येतं आणि दुसऱ्याला ते खाली आलेलंच मिळतं. व्होल्टेज नेमकं किती आहे हे कुणालाच माहीत असायची गरज नाही, यातच सगळी गंमत आहे.

३. रेफरन्स करंट शेवटी येतो कुठून? तोही कुणीतरी द्यावाच लागेल ना?

हो, एकदा तरी द्यावा लागतो. ७४१ मध्ये हे काम एकच ३९ किलोओहमचा रेझिस्टर करतो. त्याच्या वरच्या बाजूला डायोडसारखा जोडलेला पीएनपी क्यू१२, खालच्या बाजूला तसाच जोडलेला एनपीएन क्यू११, आणि सगळी साखळी प्लस सप्लायपासून मायनस सप्लायपर्यंत. सप्लाय ±१५ व्होल्ट असेल तर एकूण ३० व्होल्ट, त्यातून दोन व्हीबीईचे १.४ गेले:

```
IREF = (30 - 1.4) / 39k = 0.73 mA
```

आख्ख्या चिपचं बायस या एका करंटवर चालतं. वरचा क्यू१२ त्याची कॉपी पुढच्या स्टेजेसना देतो, खालचा क्यू११ त्यातून इनपुट स्टेजसाठी अगदी छोटा करंट बनवायला मदत करतो (तो कसा, ते प्र. ५ मध्ये). रेझिस्टर लहानमोठा निघाला तर सगळेच करंट सोबत हलतात पण त्यांचं आपसातलं प्रमाण टिकून राहतं, आणि अँप्लिफायर चालायला मुख्यतः ते प्रमाणच लागतं.

४. आम्ही कॉलेजमध्ये चार रेझिस्टर आणि बायपास कपॅसिटर लावून बायस करतो. चिपमध्ये तेच का नाही करत?

कारण चिपवर वस्तूंचे भाव उलटे असतात. दुकानात रेझिस्टर सगळ्यात स्वस्त आणि ट्रान्झिस्टर त्याहून महाग, पण सिलिकॉनवर पैसे जागेचे मोजावे लागतात आणि तिथं ट्रान्झिस्टर बारकासा असतो तर मोठ्या किमतीचा रेझिस्टर म्हणजे नागमोडी लांबलचक पट्टी, शेकडो किलोओहम हवे असतील तर एकट्यानं कितीतरी ट्रान्झिस्टरची जागा खातो. बायपासचा मायक्रोफॅरडवाला कपॅसिटर तर चिपवर विसराच, ७४१ मधला एकुलता एक कपॅसिटर ३० पिकोफॅरडचा आहे आणि तोच चिपचा केवढातरी भाग व्यापून बसलाय.

दुसरी गोष्ट अचूकतेची. चिपवरचा रेझिस्टर सांगितलेल्या किमतीपासून २०-३० टक्के इकडेतिकडे होणं अगदी नॉर्मल आहे. पण एकाच चिपवर शेजारीशेजारी, एकाच वेळी, एकाच भट्टीत बनलेले दोन ट्रान्झिस्टर मात्र एकमेकांशी एखाद-दोन टक्क्यांत जुळतात आणि दोघांचं तापमानही एकच असतं. म्हणजे "अमुक इतकं" बनवणं अवघड, "याच्यासारखं" बनवणं सोपं.

फेअरचाइल्डमध्ये असताना बॉब विडलरनं ही गोष्ट बहुतेकांच्या आधी ओळखली आणि १९६५ च्या ७०९ मध्ये तिचा भरपूर वापर केला. पुढे १९६८ मध्ये त्याच कंपनीत डेव्ह फुलगरनं ७४१ केला, त्यातही बायसची विचारसरणी तीच.

५. ७४१ च्या इनपुटला फक्त १९ मायक्रोअँप जातो म्हणतात. ०.७३ मिलिअँपच्या रेफरन्समधून इतका बारीक करंट कसा काढला?

आधी साध्या मिररनं केलं असतं तर काय झालं असतं ते बघू. मिरर १:१ ठेवला तर रेफरन्सच १९ मायक्रोअँप हवा, त्याला २८.६ व्होल्ट भागिले १९ मायक्रोअँप म्हणजे साधारण १.५ मेगाओहम, ज्याला चिपवर जागाच नाही. दुसरा मार्ग म्हणजे रेफरन्सचा ट्रान्झिस्टर ३८ पट मोठा करायचा, तोही जागेचाच प्रश्न.

७४१ मध्ये इथं विडलरची युक्ती वापरलीय, तिलाच विडलर सोर्स म्हणतात: आउटपुटच्या ट्रान्झिस्टरच्या (क्यू१०) एमिटरमध्ये एक छोटा रेझिस्टर घातला, फक्त ५ किलोओहम. आता दोघांचे बेस एकच असले तरी क्यू१० ला पूर्ण व्हीबीई मिळत नाही, रेझिस्टरवर पडेल तितकं कमी मिळतं. आणि प्र. २ मध्ये बघितलं तसं, व्हीबीई थोडंसं कमी झालं की करंट धाडकन खाली येतो. हिशोब असा:

```
IO · R = VT · ln(IREF / IO)
19µA · 5k = 95 mV
26mV · ln(733 / 19) = 95 mV
```

दोन्ही बाजू जुळल्या. फक्त ९५ मिलिव्होल्टच्या फरकानं करंट ३८ पट लहान झाला, आणि दीड मेगाओहमचं काम पाच किलोओहमनं केलं. हे समीकरण सरळ सोडवता येत नाही कारण IO लॉगच्या आतही आहे आणि बाहेरही, तर परीक्षेत असलं की एक अंदाज घ्या, उजवी बाजू काढा, ५ किलोनं भागा, आलेला करंट आणि आधीचा अंदाज यांच्या मधली किंमत परत घाला, तीन-चार फेऱ्यांत जमतं. डिझाइन करताना मात्र उलटं असतं, करंट ठरलेला असतो आणि R काढायचा असतो, ते एका ओळीत होतं.

६. मी ७४१ ±५ व्होल्टवर चालवतो. मग रेफरन्स कमी होणार, इनपुट स्टेज उपाशी राहणार का?

रेफरन्स तर चांगलाच पडतो. (१० − १.४) भागिले ३९ किलो म्हणजे ०.२२ मिलिअँप, आधीच्या ३० टक्केच. पण क्यू१० मध्ये लॉग बसलाय, त्यामुळे तिथं घसरण दाबली जाते. वरच्याच समीकरणात २२० मायक्रोअँप घालून सोडवा, उत्तर येतं सुमारे १४ मायक्रोअँप. म्हणजे रेफरन्स ७० टक्क्यांनी घटला तरी इनपुटचा करंट २५ टक्क्यांनीच घटला. विडलर सोर्सचा हा फायदा जागा वाचण्याइतकाच महत्त्वाचा आहे पण पुस्तकात एका ओळीत उरकतात.

याचा परिणाम स्कोपवर दिसतो बरं का. ७४१ चा स्ल्यू रेट म्हणजे त्या ३० पिकोफॅरडला इनपुट स्टेज किती जोरात भरू शकते ते, आणि जास्तीत जास्त करंट तोच १९ मायक्रोअँप, भागाकार केला की ०.६३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. डेटाशीट टिपिकल ०.५ सांगते, जवळच आहे. १४ मायक्रोअँपला हिशोबानं ०.४७ येईल. मिररनं दिलेला बायस करंट अँप्लिफायरचा वेग ठरवतो तो असा.

७. बायस देण्यापर्यंत समजलं. पण "मिरर लोड म्हणून लावला" म्हणजे काय? लोड तर रेझिस्टर असतो.

डिफरन्शियल जोडीचे दोन कलेक्टर आहेत, प्रत्येकातून ९.५ मायक्रोअँप जातोय. (७४१ मध्ये इनपुटची जोडी चार ट्रान्झिस्टरची आहे म्हणून तिथं आकडे थोडे बदलतात, खालचे आकडे साध्या जोडीचे आहेत.) प्रत्येक कलेक्टरला रेझिस्टर लावला आणि त्यावर १० व्होल्ट पडू दिले तर एका बाजूनं घेतलेला गेन साधारण १० भागिले (२ × ०.०२६), म्हणजे १९०-१९५. जास्त हवा तर रेझिस्टरवर जास्त व्होल्ट पाडा, पण सप्लाय काही अमर्याद नाही. वर हा रेझिस्टर १ मेगाओहमच्या आसपासचा, परत जागेची रड.

आता रेझिस्टर काढून दोन्ही कलेक्टरांवर मिरर बसवा, डावीकडे डायोडवाला ट्रान्झिस्टर आणि उजवीकडे कॉपी करणारा. सिग्नल आला, डावीकडचा करंट ९.५ चा ९.६ झाला आणि उजवीकडचा ९.४. मिरर डावीकडचे ९.६ उजवीकडे आणून ठेवतो. उजव्या नोडवर एक बाजू ९.६ देतेय आणि दुसरी ९.४ च घेतेय, उरलेला ०.२ आउटपुटला जातो. म्हणजे दोन्ही बाजूंचा बदल एकत्र झाला, एका बाजूनं आउटपुट घेतल्यामुळे जो अर्धा सिग्नल वाया जायचा तो परत मिळाला.

शिवाय तो ०.२ ज्या रेझिस्टन्समध्ये जातो तो कुठला, तर दोन ट्रान्झिस्टरचा आउटपुट रेझिस्टन्स. अर्ली व्होल्टेज एनपीएनचं १०० आणि पीएनपीचं ५० धरलं तर ९.५ मायक्रोअँपला एकाचा १०.५ मेगाओहम, दुसऱ्याचा ५.३, समांतर ३.५ मेगाओहम. गेन येतो जवळपास १२८०, आणि डीसी व्होल्टेज खाल्लं ते मिररचं व्होल्टभर. पुढच्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्स यातलं बरंच खातो हे खरं, म्हणून ७४१ मध्ये पुढे एमिटर फॉलोअर दिलाय. पण मुद्दा लक्षात घ्या, रेझिस्टरमध्ये डीसीला लागणारे व्होल्ट आणि सिग्नलला दिसणारा रेझिस्टन्स एकमेकांना बांधलेले असतात, मिरर ती गाठ सोडवतो. इंटिग्रेटेड अँप्लिफायरचा गेन दोन स्टेजमध्ये लाखावर जातो तो याच कारणानं.

८. क्यू८-क्यू९ चा मिरर वर कशाला ठेवलाय? तो ना लोड वाटतो ना बायस.

तो राखण करतो. दोन्ही इनपुट ट्रान्झिस्टरचा मिळून करंट क्यू८ मधून जातो, क्यू९ त्याची कॉपी काढतो आणि ती कॉपी क्यू१० च्या १९ मायक्रोअँपसमोर उभी करतो. दोघांत फरक पडला तर तो फरक इनपुटच्या पीएनपी ट्रान्झिस्टरांच्या बेसला जाऊन इनपुटचा करंट परत जागेवर आणतो. त्या काळातल्या पीएनपींचा बीटा कमी आणि एका चिपपासून दुसऱ्या चिपपर्यंत भरपूर बदलणारा असायचा, त्यांच्या भरवशावर बायस सोडला असता तर प्रत्येक ७४१ वेगळा निघाला असता. इथं मिरर चक्क फीडबॅकमधला मोजमापाचा पार्ट आहे.

९. बीटा कमी असला तर कॉपीत किती फरक पडतो?

दोन्ही बेसचे करंट रेफरन्समधूनच चोरले जातात, म्हणून:

```
IOUT / IREF = 1 / (1 + 2/β)
```

बीटा १०० असेल तर २ टक्के कमी, बीटा ५० असेल तर जवळपास ४. एकाच रेफरन्सवरून पाच-सहा कॉप्या काढल्या तर प्रत्येक नवा ट्रान्झिस्टर आपला बेस करंट घेत जातो आणि २ च्या जागी N+1 येतो, तेव्हा मात्र टोचायला लागतं. उपाय म्हणजे कलेक्टर-बेसच्या तारेऐवजी मध्ये एक ट्रान्झिस्टर ठेवायचा, जो बेस करंट सप्लायमधून देतो आणि रेफरन्सकडून फक्त त्याचा बीटावा हिस्सा मागतो. ७४१ च्या लोड मिररमध्ये क्यू७ हेच करतो. मॉसफेटमध्ये ही भानगड नाही, प्र. १२ बघा.

१०. सिम्युलेशनमध्ये लोडचं व्होल्टेज वाढवलं की आउटपुट करंट पण वाढतो. मिरर खराब आहे का?

नाही, हा अर्ली इफेक्ट. आउटपुटचं कलेक्टर व्होल्टेज रेफरन्सपेक्षा १० व्होल्टनं जास्त आणि अर्ली व्होल्टेज १०० असेल तर करंट १० टक्के जास्त मिळणार, बेसवर काहीही न बदलता. दोन्ही कलेक्टर एकाच व्होल्टेजवर असतील तरच कॉपी बरोबर येते.

टेक्ट्रॉनिक्समध्ये १९६७ साली जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट यांच्यात तीन ट्रान्झिस्टरमध्ये जास्त चांगला मिरर रातोरात कोण बनवतो अशी पैज लागली होती, ती विल्सननं जिंकली. त्याच्या मिररमध्ये तिसरा ट्रान्झिस्टर आउटपुटच्या वर बसतो, लोडचे हेलकावे स्वतः झेलतो आणि फीडबॅकमधून बेस करंटचा हिशोबही जुळवून घेतो. बीटाची चूक २/β वरून २/β² वर येते, म्हणजे बीटा १०० ला २ टक्क्यांऐवजी ०.०२, आणि आउटपुट रेझिस्टन्स साधारण β/२ पट होतो. मोबदल्यात आउटपुटला खाली जायची मोकळीक कमी मिळते. साधा मिरर ०.२ व्होल्टपर्यंत चालतो, विल्सनला ०.९ तरी हवेत. ३० व्होल्टच्या सप्लायवर कुणाला फरक पडत नाही, १.८ व्होल्टच्या चिपमध्ये मात्र अर्धी जागा गेली.

११. ब्रेडबोर्डवर दोन बीसी५४७ लावले, करंट कॉपी होतच नाही, वर हळूहळू चढत जातो. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सर्किट बरोबर असतं, फक्त पहिल्या प्रश्नातली अट मोडलेली असते. एक टिपिकल केस घेऊ, १२ व्होल्ट सप्लाय, रेफरन्सला १० किलोओहम, लोडला १ किलोओहम. रेफरन्स करंट ११.३५ भागिले १० किलो म्हणजे १.१३ मिलिअँप. लोडवर फक्त १.१ व्होल्ट पडतात, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरवर जवळपास ११ व्होल्ट बसलेत आणि तो १२ मिलिवॅट खातोय, तर रेफरन्सवाला ०.७ मिलिवॅट. त्या छोट्या प्लास्टिक पॅकेजचा थर्मल रेझिस्टन्स २०० डिग्री प्रति वॅटच्या आसपास, म्हणजे आउटपुटवाला सुमारे अडीच डिग्री जास्त गरम. दर डिग्रीला ८ टक्के धरले तर २० टक्के इथंच गेले, अर्ली इफेक्टचे आणखी वर (प्र. १०), आणि करंट वाढला की तो अजून तापणार म्हणून तो चढत जातो.

त्यात दोन सुटे ट्रान्झिस्टर मुळात जुळलेले नसतात. लॅमिंग्टन रोडवरून एकाच पट्टीतले दोन आणले तरी व्हीबीईत काही मिलिव्होल्टचा फरक असू शकतो, आणि १० मिलिव्होल्ट फरक म्हणजे दीडपट करंट.

खात्री करायची असेल तर मीटर लावून रेफरन्सवाला ट्रान्झिस्टर चिमटीत धरा, आउटपुट करंट खाली येईल. सोडून आउटपुटवाला धरा, वर जाईल. बोटाच्या उबेनं आकडा हलला की दोष तापमानाचा. मग लोड १ किलोचा ६.८ किलो करून बघा, आउटपुटचं व्होल्टेज बरंच खाली येतं आणि दोघांच्या तापण्यातला फरक निम्म्याहून कमी होतो, करंटमधला फरक त्यानंतरही जवळपास तसाच राहिला तर तो जुळणीचा.

उपाय, दोघांच्या सपाट बाजू एकमेकांना चिकटवून वरून हीटश्रिंक चढवा, आणि दोन्ही एमिटरांत २२० ओहम घाला. १.१३ मिलिअँपला त्यावर २५० मिलिव्होल्ट पडतात, आता १० मिलिव्होल्टची गडबड दीडपट न होता ३-४ टक्क्यांवर येते, कारण आता जुळणी रेझिस्टर ठरवतात आणि दुकानातले १ टक्कावाले रेझिस्टर स्वस्त आहेत. (भाव परत उलटे झाले बघा, प्र. ४ च्या उलट.) एसएमडी चालत असेल तर सरळ बीसीव्ही६१ घ्या, एकाच पॅकेजमध्ये मिररसाठीच बनवलेली एनपीएन जोडी आहे.

१२. मॉसफेटमध्ये पण हेच चालतं का?

तत्त्व तेच, डायोडसारखा जोडलेला एक आणि गेट जोडलेला दुसरा. गेटला करंट लागत नाही म्हणून प्र. ९ ची चूक जाते. करंट एक्स्पोनेन्शियल नसून साधारण वर्गाच्या नियमानं वाढतो, त्यामुळे थ्रेशोल्डमधल्या फरकाचा त्रास तुम्ही ठरवू शकता. थ्रेशोल्डच्या वर ०.२ व्होल्ट दिले असतील तर २ मिलिव्होल्टचा फरक २ टक्के चूक देतो, ०.४ दिले तर १ टक्का, पण मग आउटपुटला तितकी मोकळीक कमी. ट्रान्झिस्टरचं क्षेत्रफळ चौपट केलं की फरक निम्मा होतो, म्हणून बायसचे मॉसफेट कधीही सगळ्यात लहान साइझचे नसतात. अर्ली इफेक्टचा भाऊबंद इथंही आहे आणि लहान लेंथला फार छळतो.

१३. १:३ किंवा ३:१ कॉपी हवी असेल तर एक ट्रान्झिस्टर तिप्पट रुंद काढला की झालं?

कागदावर हो, चिपवर नको. काठाकडचा भाग छपाईत आणि डिफ्युजनमध्ये थोडा आत-बाहेर सरकतो आणि तो सरकणारा भाग रुंदीबरोबर तिप्पट होत नाही, म्हणून तिप्पट काढलेला प्रत्यक्षात तिप्पट निघत नाही. सारखे तीन ट्रान्झिस्टर समांतर जोडा, म्हणजे जी काही चूक होईल ती सगळ्यांत सारखी होईल. मॉसफेटमध्ये लेंथ बदलून प्रमाण काढायचं नाही हेही त्याच कारणानं. ७४१ मध्ये क्यू१३ चा कलेक्टर पाव आणि पाऊण असा विभागलाय, ०.७३ मधले सुमारे ०.१८ एकीकडे आणि ०.५५ दुसरीकडे, पण तिथं करंट अगदी काट्यावर असायची गरज नाही म्हणून चालून जातं.

१४. ७४१ च्या पिन १ आणि ५ ला पॉट लावून ऑफसेट शून्य करतात, त्याचा मिररशी काय संबंध?

थेट संबंध. त्या पिना लोड मिररच्या दोन एमिटरांना, म्हणजे क्यू५ आणि क्यू६ च्या खालच्या १ किलोओहमच्या रेझिस्टरांना जोडलेल्या आहेत. १० किलोचं पॉट दोघांमध्ये आणि मधली पिन मायनस सप्लायला लावली की एका रेझिस्टरला समांतर जास्त वाट मिळते, दुसऱ्याला कमी. म्हणजे तुम्ही मिररची कॉपी मुद्दाम बिघडवताय, इनपुटच्या जोडीत जितकी चूक आहे तितकीच उलट्या बाजूला. मधली पिन चुकून ग्राउंडला लावू नका, तिथं मायनस सप्लायच हवा, नाहीतर मिररचे एमिटर वर ओढले जातात आणि आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं. "ऑफसेट पॉट लावल्यापासून ऑप-अँप मेला" असे जे मेसेज येतात त्यातले बरेच याचेच असतात.

१५. एका रेफरन्सवर चार आउटपुट आहेत. एकाचा लोड काढला तर बाकी तिघांचे करंट कमी का झाले? ते तर वेगळे आहेत ना?

कलेक्टर वेगळे आहेत, बेसची तार एकच आहे. लोड काढला की त्या ट्रान्झिस्टरला कलेक्टरमधून करंट मिळत नाही, तो सॅच्युरेट होतो आणि त्याला मिळालेलं व्हीबीई टिकवायला भरमसाट बेस करंट ओढायला लागतो. तो येतो रेफरन्समधून, म्हणजे प्र. ९ मधली चूक अचानक कितीतरी पटींनी वाढते आणि बाकी तिघांनाही कमी व्हीबीई मिळतं. लोड न काढताही हे होतं, लोड रेझिस्टर इतका मोठा घेतला की कलेक्टर ०.२ व्होल्टच्या खाली गेला तरी तेच.

ओळखायचं असेल तर चारही कलेक्टरांचं व्होल्टेज मोजा, जो ०.१ च्या आसपास बसलाय तो चोर. न वापरलेलं आउटपुट कधी उघडं ठेवू नका, त्याचा कलेक्टर सप्लायला जोडा. आणि लोड येत-जात राहणार असतील तर प्रत्येक एमिटरमध्ये रेझिस्टर आणि बेसच्या तारेला क्यू७ सारखा मदतनीस ट्रान्झिस्टर, हे दोन्ही सुरुवातीलाच घालून ठेवा.